एकशे पाच म्हणजे १००५ का नाही? खराट्याच्या काड्यांनी मुलांना स्थानिक किंमत कशी समजवायची

दुसरीतल्या मुलाला ‘एकशे पाच’ लिहायला सांगा. बरीच मुलं १००५ लिहितात. आपण ‘चूक’ म्हणून खोडतो, १०५ लिहून देतो आणि पुढे जातो. पण मुलाच्या बाजूने पाहिलं तर त्याने काही वेडंवाकडं केलेलं नाही. त्याने ‘शंभर’ ऐकलं, १०० लिहिलं. मग ‘पाच’ ऐकलं, ५ लिहिलं. कानावर जे आलं तेच त्याने कागदावर उतरवलं.

त्याला एक गोष्ट कळलेली नाही, ती म्हणजे अंकाची किंमत तो कुठे बसला आहे यावर ठरते. यालाच शाळेत स्थानिक किंमत म्हणतात. ही गोष्ट निसटली की पुढे हातच्याची बेरीज आणि वजाबाकी नुसती पाठांतरावर चालते. मग ५२ मधून २७ वजा करताना मूल ‘दोनातून सात जात नाहीत, म्हणून सातातून दोन’ करतं आणि ३५ उत्तर देतं. उत्तर २५ हवं, पण ३५ मध्ये काही बिनसलंय हे त्याला जाणवतच नाही.

घरी किंवा वर्गात करता येईल असं एक साधन इथे पाहू. त्यात चार वस्तू आहेत आणि प्रत्येकीचं काम वेगळं आहे. ते काय शिकवतं आणि काय शिकवू शकत नाही, हेही पाहू.

साहित्य काय लागेल?

एका मुलासाठी किंवा दोन मुलांच्या जोडीसाठी एवढं पुरतं:

- नारळाच्या खराट्याच्या १२० काड्या, प्रत्येकी साधारण १० सेंटिमीटर लांब
- १२ लहान रबर आणि १ मोठा रबर
- जुन्या कॅलेंडरचं एक मोठं पान
- लग्नपत्रिका किंवा खोक्याचा जाड पुठ्ठा
- शर्टाची एकसारखी २० बटणं

खराटा आणि रबर विकत आणले तरी साधारण शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. बाकी सामान घरातच मिळतं.

काडीची लांबी महत्त्वाची आहे. आगपेटीच्या काड्या सहज मिळतात, पण त्या इतक्या बारीक आणि आखूड असतात की सहा-सात वर्षांच्या मुलाच्या बोटांना दहा काड्या एकत्र धरून रबर लावता येत नाही. निम्मा वेळ रबराशी झटापट करण्यात जातो. १० सेंटिमीटरची काडी हातात नीट बसते. खराट्याच्या काडीचं शेंड्याकडचं बारीक टोक टाकून द्या, मधला सारख्या जाडीचा भाग घ्या आणि कापलेली टोकं खरखरीत कागदावर घासून बोथट करा. सगळ्या काड्या सारख्या जाडीच्या असल्या की दहाचे सगळे गठ्ठेही सारखे दिसतात. पुढे याचा उपयोग होतो.

कॅलेंडरच्या पानाची कोरी बाजू वर घेऊन त्यावर तीन उभी घरं आखा. उजवीकडून डावीकडे एकक, दशक, शतक. एकक आणि दशकाची घरं सारखी ठेवा, शतकाचं थोडं मोठं, कारण शंभराची मोळी जाड असते. याला आपण पट म्हणू.

कार्डं कशी कापायची?

पुठ्ठ्याच्या ६ सेंटिमीटर उंचीच्या पट्ट्या कापा. १ ते ९ या अंकांची नऊ कार्डं ४ सेंटिमीटर रुंद, १० ते ९० ची नऊ कार्डं ८ सेंटिमीटर रुंद आणि १०० ते ९०० ची नऊ कार्डं १२ सेंटिमीटर रुंद. एकूण २७ कार्डं. प्रत्येक अंकाला बरोबर ४ सेंटिमीटरची जागा मिळते, ही यातली मुख्य गोष्ट.

आता १०० चं कार्ड खाली ठेवा, त्यावर ३० चं आणि त्यावर ५ चं. तिन्ही कार्डांच्या उजव्या कडा जुळवा. वरून १३५ दिसेल. कार्डं उचलून पसरली की १००, ३०, ५ असे तुकडे पुन्हा दिसतात. रुंदीत दोन-तीन मिलिमीटरचाही फरक पडला तर खालचे शून्य डोकावतात आणि मुलाचा गोंधळ होतो. म्हणून आधी सगळ्या पट्ट्यांवर ४-४ सेंटिमीटरच्या खुणा करा, अंक मग लिहा.

पायरी १: गठ्ठे मुलानेच बांधायचे

पहिल्या दिवशी पट नको, कार्डं नकोत. मुलासमोर ४३ काड्यांचा ढीग ठेवा आणि विचारा, “किती आहेत?” ते एक-एक मोजेल. मधेच कुणीतरी हाक मारा. मोजणी विसरली की पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दोनदा असं झालं की दहा-दहाचे गठ्ठे करण्याचं कारण त्याला आपोआप पटतं. गठ्ठे बांधून ठेवले की कितीही वेळा व्यत्यय आला तरी मोजलेलं मोजलेलंच राहतं.

इथे मोठ्या माणसांची एक चूक ठरलेली असते. वेळ वाचावा म्हणून आपण गठ्ठे आधीच बांधून ठेवतो. मग मुलाच्या दृष्टीने गठ्ठा ही ‘दशक’ नावाची एक वस्तू होते, दहा काड्या नव्हे. दहा सुट्ट्या काड्या आणि एक गठ्ठा हे एकच आहे, हे बांधता-सोडताना हातालाच कळतं. म्हणून निदान पहिले आठ-दहा दिवस रोज खेळ संपताना सगळे गठ्ठे सोडून ठेवा.

गठ्ठ्यात नऊ किंवा अकरा काड्या भरण्याची चूक नेहमी होते. त्यासाठी एका कागदी पट्टीवर दहा रेघा मारा. प्रत्येक रेघेवर एक काडी ठेवायची, पट्टी भरली की रबर लावायचा. कुठलीही रेघ रिकामी नको, कुठल्याही रेघेवर दोन काड्या नकोत. बांधलेले गठ्ठे शेजारी उभे धरले की बारीक किंवा जाड गठ्ठा नजरेनेही पकडता येतो. सारख्या जाडीच्या काड्या घ्यायला सांगितलं ते यासाठीच.

पायरी २: पटावर मांडणी

आता पट पसरा. नियम एकच: कुठल्याही घरात नऊपेक्षा जास्त राहू द्यायचे नाहीत. एककाच्या घरात दहा काड्या झाल्या की त्यांचा गठ्ठा बांधून दशकाच्या घरात न्यायचा. दशकाच्या घरात दहा गठ्ठे झाले की मोठा रबर लावून मोळी करायची आणि ती शतकाच्या घरात.

एक-एक काडी टाकत मुलाला ९८, ९९ पर्यंत येऊ द्या. ९९ वर नऊ गठ्ठे आणि नऊ काड्या असतात. आणखी एक काडी पडली की एककाचं घर रिकामं होतं, लगेच दशकाचंही रिकामं होतं आणि शतकात एक मोळी बसते. पटावर आता दोन रिकामी घरं दिसतात. १०० मधले दोन शून्य म्हणजे हीच दोन घरं.

पायरी ३: मराठी आकड्यांची नावं

आपल्या मुलांपुढे एक जास्तीची अडचण असते. मराठीत ‘पंचवीस’ म्हणताना आधी पाच येतात, मग वीस. लिहिताना मात्र आधी २, मग ५. ऐकलं तसं लिहिणारं मूल ५२ लिहितं. ‘एकोणतीस’मध्ये तर ‘तीस’ ऐकू येतं, त्यामुळे ३९ लिहिलं जातं.

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक, वीस दोन’ अशा वाचनाची पद्धत आली तेव्हा मोठा वाद झाला, तो विधिमंडळातही गाजला. त्यामागचं कारण हीच अडचण होती. ती पद्धत पटो न पटो, अडचण खरी आहे आणि काड्यांनी तिला हात घालता येतो.

‘पंचवीस’ म्हटल्यावर मुलाने पटावर दोन गठ्ठे आणि पाच काड्या मांडायच्या आणि दोन वाक्यं म्हणायची: “दोन दशक पाच सुटे. पंचवीस.” पहिलं वाक्य लिहिण्याच्या क्रमाने, दुसरं बोलण्याच्या. लिहिताना पहिलं वाक्य आठवायचं.

‘एकोणतीस’साठी आधी तीन गठ्ठे मांडा आणि म्हणा, “तीसला एक कमी.” एक काडी काढायची तर एक गठ्ठा सोडावाच लागतो. सोडला, एक काढली, उरले दोन गठ्ठे आणि नऊ काड्या. नावात तीस असूनही लिहिताना २ का येतो, हे मुलाने स्वतः रबर काढून पाहिलेलं असतं. एकोणीसपासून एकोणनव्वदपर्यंत आठही नावं याच रीतीची आहेत. नव्व्याण्णव मात्र वेगळं आहे, ते वेगळं सांगावं लागतं.

पायरी ४: १००५ चं कोडं कार्डांनी सोडवा

आता सुरुवातीच्या चुकीकडे येऊ. मुलाला ‘एकशे पाच’ काड्यांनी मांडायला सांगा: एक मोळी, गठ्ठे नाहीत, पाच काड्या. मग तेवढ्याच किमतीची कार्डं शोधायला सांगा. ते १०० चं आणि ५ चं कार्ड काढेल. बहुतेक वेळा तो आधी ती शेजारी-शेजारी ठेवतो आणि १००५ दिसतं. लगेच ‘चूक’ म्हणू नका. विचारा, “पटावर घरं किती आणि कागदावर अंक किती?” पटावर तीन घरं, समोर चार अंक. आता उजव्या कडा जुळवून ५ चं कार्ड १०० वर ठेवू द्या. शेवटच्या शून्यावर पाच बसतो आणि १०५ दिसतं.

मधला शून्य कुठून आला? तो १०० च्या कार्डाचा आहे. त्याच्यावर बसायला दशकाचं कार्डच आलं नाही, म्हणून तो उघडा राहिला. पटावर रिकामं घर, कार्डावर उघडा शून्य. दोन्ही एकमेकांशेजारी ठेवून मुलाला दाखवू द्या. मग १५० मांडायला सांगा आणि फरक विचारा.

पायरी ५: हातचा म्हणजे काय

बेरजेसाठी २८ आणि ३६ घ्या. दोन्ही संख्या पटावर वर-खाली मांडा आणि एककाच्या घरातल्या काड्या एकत्र करा. १४ होतात. नऊपेक्षा जास्त राहायचे नाहीत, म्हणून दहांचा गठ्ठा, चार उरल्या. तो नवा गठ्ठा म्हणजेच हातचा एक. आधीचे पाच गठ्ठे आणि हा एक, सहा. उत्तर ६४. वहीत दशकाच्या डोक्यावर आपण जो १ लिहितो, तो गठ्ठा हातात धरून लिहू द्या.

वजाबाकीसाठी थोडं कठीण उदाहरण घेऊ, कारण खरी परीक्षा तिथे होते: १०५ वजा ३८. पटावर एक मोळी आणि पाच काड्या आहेत. आठ काड्या काढायच्या, पण आहेत पाच. दशकाकडून घ्यावं तर तिथे गठ्ठाच नाही. वहीत मुलं नेमकी इथेच अडतात किंवा शून्याचा एकदम नऊ कसा होतो ते पाठ करतात.

काड्यांनी करा. मोळीचा मोठा रबर काढा: दशकाच्या घरात दहा गठ्ठे आले. त्यातला एक गठ्ठा सोडून एककात न्या. आता दशकात नऊ गठ्ठे, एककात १५ काड्या. १०५ अजून १०५ च आहेत, फक्त मांडणी बदलली. १५ मधून ८ गेल्या, ७ उरल्या. नऊ गठ्ठ्यांतून तीन गेले, सहा उरले. उत्तर ६७. शून्याचा नऊ कसा झाला? आधी दहा झाले, त्यातला एक पुढे गेला. हे वाक्य मुलाने स्वतः म्हणेपर्यंत थांबा.

समजलं की नुसतं जमलं, हे कसं ओळखाल?

एक छोटी चाचणी आहे. अमेरिकी बालशिक्षण अभ्यासक कॉन्स्टन्स कामी यांनी १६ ही संख्या घेऊन मुलांना असाच प्रश्न विचारला होता. मुलाला १६ सुट्ट्या काड्या मोजायला द्या आणि कागदावर १६ लिहा. ६ वर बोट ठेवून विचारा, “एवढ्याच्या काड्या दाखव.” ते सहा दाखवेल. मग १ वर बोट ठेवून तोच प्रश्न विचारा. समज नसलेलं मूल एकच काडी दाखवतं. उरलेल्या नऊ काड्या कुणाच्याच नाहीत, याचं त्याला काही वाटत नाही. समज आलेलं मूल दहा काड्या दाखवतं.

‘१६ मध्ये दशक स्थानी कोणता अंक?’ या प्रश्नाचं उत्तर मात्र दोन्ही मुलं बरोबर देतात. म्हणून तो प्रश्न या चाचणीच्या जागी चालत नाही.

या साधनाच्या मर्यादा

पहिली आणि सगळ्यात महत्त्वाची मर्यादा: काड्यांचा गठ्ठा पटावर कुठेही ठेवला तरी तो दहाच राहतो. चुकून एककाच्या घरात पडला तरी त्याची किंमत बदलत नाही. म्हणजे काड्या गट करणं शिकवतात, जागेमुळे किंमत बदलते हे शिकवत नाहीत. ते काम बटणांचं. पटावर तेच बटण एककात असेल तर १, दशकात सरकवलं तर १०, शतकात १००. मुलाला दोन बटणं द्या आणि त्यांपासून किती संख्या होतात ते शोधायला सांगा. २, ११, २०, १०१, ११० आणि २०० अशा सहा होतात. बटणं काड्यांनंतरच द्या. आधी दिली तर ‘एका बटणाचे दहा कसे’ या प्रश्नाला उत्तर उरत नाही, नियम म्हणून मान्य करावं लागतं.

दुसरी: काड्या शेकड्यापर्यंतच चालतात. हजारासाठी दहा मोळ्या लागतील, त्या ना पटावर मावतील ना कुणी बांधेल. तिथून पुढे बटणं, किंवा १, १० आणि १०० रुपयांच्या खोट्या नोटा. दशांश अपूर्णांकांसाठी हे साधन वापरू नका. काडी मोडून दहा सारखे तुकडे होत नाहीत.

तिसरी: कार्डं न समजताही जुळवता येतात. सराव झाला की मूल काड्यांकडे न बघता फटाफट संख्या तयार करतं. अधूनमधून उलटं करा: संख्या तुम्ही कार्डांनी तयार करा, काड्या मुलाने मांडायच्या.

चौथी मर्यादा वर्गाची. चाळीस मुलांना प्रत्येकी १२० म्हणजे ४८०० काड्या होतात. चौघांचा गट केला तर दहा संचांत, १२०० काड्यांत भागतं. पण चौघांत एकच मूल गठ्ठे बांधतं आणि तिघं बघतात. म्हणून गटात कामं ठरवून द्या: एकाने मोजायचं, एकाने बांधायचं, एकाने कार्डं लावायची, एकाने वहीत लिहायचं. प्रत्येक उदाहरणाला कामं बदलायची. तास संपताना काड्या मोजून घ्या. एक काडी हरवली की दुसऱ्या दिवशी एक गठ्ठा नऊचा होतो आणि सगळ्या गटाचं उत्तर एकाने चुकतं.

काड्या कधी सोडायच्या?

एकदम काढून घेऊ नका. आधी मुलाला उदाहरण काड्यांनी करू द्या. मग पटावर रुमाल झाकून विचारा, “आता आत किती गठ्ठे असतील?” उत्तर सांगितल्यावर रुमाल उचलून पाहायचं. हे जमू लागलं की कागदावर गठ्ठ्यासाठी उभी रेघ आणि काडीसाठी टिंब काढू द्या. त्यानंतर नुसते अंक. पुढे वहीत १०५ वजा ३८ चुकलं तर एक पायरी मागे या. काड्यांपर्यंत मागे यायची वेळ आली तरी हरकत नाही. खराटा दाराआड आहेच.